नवतप्यात मोजलेले बुश

मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षानंतरचं सहा आठवड्यांचं ट्रेनिंग मी नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात, क्यूसी म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या विभागात केलं. मेट्रोने लोकमान्य नगरपर्यंत, तिथून पुढे ऑटो. मे महिना होता. सकाळी आठला शेडमध्ये पाऊल टाकलं तरी पत्रा तापलेला असायचा आणि दुपारी बाहेर ४५ अंश. हे उन्हाचं कौतुक म्हणून सांगत नाहीये. या गोष्टीत ऊन सारखं मध्ये येणार आहे.

माझ्याकडे एकच पार्ट होता. सीएनसी लेथवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या कातकामाच्या मशीनवर निघणारा स्टीलचा स्पेसर बुश. बाहेरचा व्यास ३२ मिलिमीटर, आतला बोर २०, लांबी ४५. दिसायला साधी नळी, पण ड्रॉइंगवर बाहेरच्या व्यासाला h7 लिहिलेलं होतं. म्हणजे व्यास ३१.९७५ ते ३२.००० च्या मध्ये असला पाहिजे. पंचवीस मायक्रॉनची जागा. डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात हा अख्खा टॉलरन्स बसतो.

पहिल्या दिवशी क्यूसीच्या सरांनी काम सांगितलं ते दोन वाक्यांत. रोजच्या चारशेच्या लॉटमधून पन्नास नग काढून तपासायचे, आणि मशीनजवळच्या लाल बिनमध्ये ऑपरेटरने टाकलेले सगळे नग पुन्हा बघून प्रत्येकाचा दोष लिहायचा. पन्नासचा आकडा IS 2500 या भारतीय मानकाच्या तक्त्यातून येतो. २८१ ते ५०० नगांचा लॉट असेल तर सर्वसाधारण पातळीला नमुना पन्नासचा. आमच्याकडे एक्यूएल, म्हणजे खराब नगांचं चालवून घेण्याजोगं प्रमाण, १ टक्का धरलेला होता, त्यात पन्नासांत एक खराब नग चालतो, दोन निघाले की लॉट थांबतो.

नमुना काढणं मला सोपं वाटलं होतं. मी लॉटच्या बिनच्या वरून हाताला येतील ते पन्नास उचलले आणि तपासायला बसले. दोन दिवस एकही ठोका लागलेला नग सापडला नाही, आणि लाल बिनमध्ये मात्र ठोक्याचे नग रोज दिसत होते. तिसऱ्या दिवशी बिन रिकामा करताना कळलं की ठोके खालच्या थरात असतात. मशीनच्या घसरणीवरून नवा बुश खाली येतो आणि आधी पडलेल्यांवर आदळतो. मार खालच्याला लागतो, आणि जो सगळ्यात शेवटी पडला तो वर कोरा करकरीत बसलेला असतो. मी नेमके तेच उचलत होते. तेव्हापासून वरून, मधून आणि तळातून ठरवून नग काढायला लागले. माझ्या नमुन्यात ठोका पहिल्यांदा आला तो त्या दिवशी.

पण खरी गडबड मायक्रोमीटरवर झाली.

आमच्याकडे २५ ते ५० मिलिमीटरचा, एक मायक्रॉन दाखवणारा डिजिटल मायक्रोमीटर होता. सकाळी २५ मिलिमीटरच्या सेटिंग रॉडवर तो तपासायचा, रॅचेट सारख्याच जोराने फिरवायचं, फ्रेमला प्लॅस्टिकच्या पट्टीवरच धरायचं, हे सगळं मी मन लावून करत होते. पहिल्या आठवड्यात व्यास जास्त असलेले बरेच नग मला मिळाले. ३२.००३, ३२.००४, ३२.००२. मी ‘साइज आउट’ लिहून ते लाल बिनमध्ये टाकायचे. मशीनवरचे काका एक दिवस ते बघत उभे राहिले.

“बेटा, चकमधून काढला की लगेच मोजून राहिली का?”

मी हो म्हटलं. चक म्हणजे लेथवर नग पकडून ठेवणारा भाग.

“थंडा होऊ दे ना आधी. हात लावून पाहा.”

हात लावला. बुश कोमट म्हणावा त्याहून गरम होता. इन्स्पेक्शनच्या खोलीत वाळ्याचा डेझर्ट कूलर चालायचा, त्यामुळे मायक्रोमीटर बऱ्यापैकी थंड. शेडमध्ये कापताना नगावर सोडला जाणारा कूलंट दिवसभर फिरून तापलेला, त्यात कटिंगची उष्णता. एका टोकाला गरम नग आणि दुसऱ्या टोकाला थंड उपकरण घेऊन मी मायक्रॉन वाचत होते.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी एक बुश मशीनमधून काढून थेट खोलीत आणला आणि जाड ओतीव लोखंडाच्या सरफेस प्लेटवर ठेवला. दर दोन मिनिटांनी त्याच जागी मोजला. जागा चुकू नये म्हणून टोकावर मार्करने खूण केली होती. पहिलं वाचन ३२.००४. मग ३२.००१, मग ३१.९९९, मग ३१.९९८. दहाव्या मिनिटाला ३१.९९७ आलं आणि त्यानंतर आकडा हलला नाही. जो नग मी नापास लिहिला असता तो पास होता.

सात मायक्रॉनचा फरक. स्टील एका मीटरला एका अंशामागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. ३२ मिलिमीटरच्या व्यासाला हेच प्रमाण लावलं तर अंशाला एक तृतीयांश मायक्रॉनपेक्षा थोडं जास्त, ०.३७ च्या आसपास. सात भागिले ०.३७ केलं की एकोणीस अंश येतात. म्हणजे नग उपकरणापेक्षा एकोणीस-वीस अंशांनी गरम होता. मोजमापाचं ठरलेलं तापमान जगभर २० अंश सेल्सिअस आहे. नागपुरात मे महिन्यात २० अंशांची खोली आमच्यासारख्या कारखान्यात कोण ठेवणार? पण नग आणि मायक्रोमीटर दोन्ही स्टीलचे असले आणि दोघं एकाच तापमानाला आले, तर दोघं सारखेच वाढलेले असतात आणि चूक बरीचशी कटून जाते. त्यामुळे खोली किती थंड आहे यापेक्षा दोघं एकमेकांइतके तापलेले आहेत की नाही, हे जास्त महत्त्वाचं.

रात्री घरी आल्यावर मला याची दुसरी बाजू सुचली आणि ती जास्त त्रास देऊन गेली. चांगले नग मी नापास केले, हे नुकसान दिसणारं होतं. पण ज्याचा खरा व्यास ३१.९७१ आहे, तो गरम असताना ३१.९७८ दाखवणार आणि मी त्याला पास लिहिणार. असे किती गेले असतील? दुसऱ्या दिवशी सरांना सांगून त्या आठवड्यात मी तपासलेले आणि अजून गोडाऊनमध्ये असलेले नग पुन्हा मोजले. दोन बारीक सापडले. तेव्हापासून मी एका ट्रेमध्ये नग ठेवून, पंधरा मिनिटं झाल्याशिवाय मायक्रोमीटर हातात घेत नसे.

आता नोंदीकडे येते.

पहिल्या शनिवारी सर म्हणाले, “आठवड्याचा पॅरेटो काढून दाखव.” कॉलेजात तो मी परीक्षेसाठी काढला होता. इटलीतला अर्थशास्त्रज्ञ विल्फ्रेदो पॅरेटो, त्याने दाखवलेली संपत्तीची विषम वाटणी, आणि पुढे जोसेफ जुरान यांनी तोच विचार कारखान्यातल्या दोषांना लावला, हे सगळं पाठ होतं. थोडी कारणं बहुतेक दोष घडवतात, ती आधी पकडा, हा त्यातला गाभा. मी नोंदवहीतल्या ७१ खुणा मोजल्या आणि ग्राफपेपरवर खांब काढले. नऊ खांब आले. सगळ्यात उंच होता ‘इतर’, १९ चा. बाकीचे आठ ११ पासून ५ पर्यंत, जवळजवळ एका उंचीचे. त्या चार्टकडे बघून कोणीच सांगू शकलं नसतं की सोमवारी सकाळी कशाला हात घालायचा.

सरांनी चार्ट बाजूला ठेवला आणि नोंदवही मागितली. एका पानावर बोट ठेवून विचारलं, “हा ‘मार’ आणि हा ‘डेंट’, यात फरक काय?”

फरक नव्हता. काकांनी लाल बिनच्या चिठ्ठीवर ‘मार’ लिहिलं होतं ते मी तसंच उतरवलं, रात्रपाळीचा ऑपरेटर ‘ठोका’ लिहायचा, आणि मी स्वतः ‘डेंट’. एकाच दोषाचे तीन खांब झाले होते. ‘बर’ आणि ‘धार’ हेही एकच, कापल्यावर काठाला उरणारी धातूची बारीक टोचरी कड. उलट ‘साइज आउट’ या एका शब्दात बाहेरचा व्यास, बोर आणि लांबी असे तीन वेगळे दोष कोंबलेले, आणि व्यास जास्त की कमी तेही लिहिलेलं नाही. ज्याला नाव सुचलं नाही ते सगळं ‘इतर’मध्ये. शिवाय गरम मोजलेले नगही त्यातच. त्या ७१ खुणांमधून काही निघणं शक्यच नव्हतं, चार्ट कितीही नीट काढला तरी.

मी नवा तपासणी तक्ता केला. त्यासाठी आधी काकांबरोबर अर्धा तास बसले आणि लाल बिनमधले वीस-पंचवीस नग टेबलावर मांडले. प्रत्येक दोषाला एकच नाव ठरवलं: बोरच्या तोंडाची बर, ठोका, व्यास, बोर, लांबी. व्यास आणि बोरपुढे अधिक-उणे लिहायचं. प्रत्येक नावाचा एकेक नग तारेत ओवून तक्त्याच्या वर टांगला, म्हणजे रात्रपाळीच्या माणसालाही शंका राहू नये. ‘इतर’ ठेवलं, पण शेजारी काय दिसलं ते दोन शब्दांत लिहायची सक्ती केली. एकाच नगावर दोन दोष असले तर दोन्ही लिहायचे आणि खराब नगांची संख्या वेगळी ठेवायची. शेवटी वेळेचा रकाना, आणि टिप कधी बदलली याची नोंद. टिप म्हणजे कापणाऱ्या टूलचं टोकाचं बदलता येणारं पातं. हा रकाना काकांनी सुचवला. मला तेव्हा त्याचं महत्त्व कळलं नव्हतं.

पुढचे बारा कामाचे दिवस तो तक्ता भरला. सुमारे ४,८०० नग निघाले, त्यातले १४९ खराब, त्यांच्यावर दोष १६३. बर ६१, ठोका ४४, व्यास २३, बोर १७, लांबी ७ आणि इतर ११.

चार्ट काढायची पद्धत फार मोठी नाही. आकडे उतरत्या क्रमाने लावायचे. ‘इतर’ कितीही असलं तरी शेवटी, म्हणून ११ असूनही ते ७ च्या मागे गेलं. डाव्या अक्षावर संख्या, उजव्या अक्षावर टक्के, आणि खांबांवरून चढत जाणारी एकत्रित टक्क्यांची रेघ: ३७.४, ६४.४, ७८.५, ८९.०, ९३.३ आणि १००. एक्सेलमध्ये दोष A स्तंभात आणि संख्या B स्तंभात ठेवली, तर C2 मध्ये हे लिहून खाली ओढायचं:

```
=SUM(B$2:B2)/SUM(B$2:B$7)
```

एक गोष्ट एक्सेल आपणहून करत नाही. त्याने डावा अक्ष ७० पर्यंत आणि उजवा १२० टक्क्यांपर्यंत नेला, त्यामुळे रेघ आणि खांब यांचा एकमेकांशी संबंधच राहिला नाही. डावा अक्ष एकूण दोषांपर्यंत, म्हणजे १६३ पर्यंत, आणि उजवा १०० टक्क्यांपर्यंत हाताने बसवायचा. मग दोन्ही अक्षांची टोकं एकाच उंचीवर येतात आणि पहिल्या खांबाचा माथा रेघेच्या पहिल्या बिंदूइतकाच उंच दिसतो. तो जुळला की अक्ष बरोबर बसले.

या वेळी चार्ट बोलका होता. बर आणि ठोका, दोघं मिळून चौसष्ट टक्के. मी बरवर उपाय सुचवायच्या तयारीने सरांकडे गेले. त्यांनी एवढंच विचारलं, “बर काढायला किती खर्च येतो?”

हाताने काढली तर नगामागे तीनेक रुपये. आणि व्यास उणे निघाला तर? तो नग भंगारात. कच्चा माल आणि मशीनचा वेळ धरून पंच्याऐंशी रुपये. मी तेच १६३ दोष रुपयांत मांडले. बर ६१ गुणिले ३, म्हणजे १८३ रुपये. व्यासाच्या २३ पैकी १७ उणे होते, ते सरळ भंगार. सहा अधिक होते, ते पुन्हा मशीनवर लावून वीस-वीस रुपयांत सुधारले. एकूण १,५६५ रुपये. ठोक्याचे १३ नग भंगारात गेले आणि ३१ पॉलिश करून वाचले, त्याचे १,२९१. बोरचे ९२५. संख्येत पहिली असलेली बर रुपयांत चौथ्या जागी गेली आणि तिसऱ्या जागेवरचा व्यास पहिला आला. दोन दोष असलेल्या नगांचा खर्च यात थोडा दुहेरी धरला गेलाय, त्यामुळे शेवटच्या रुपयापर्यंत यावर विसंबू नये. पण बर खाली आणि व्यास वर, हे त्याने बदलत नाही.

मला वाटतं संख्येचा आणि रुपयांचा, दोन्ही चार्ट शेजारी ठेवूनच बघावेत. बर रोज दिसते, हाताला लागते, म्हणून सगळ्यांच्या तोंडी तीच असते. उणे व्यासाचे नग दिवसाला एक-दोन, गुपचूप भंगारात जातात.

मग त्या १७ नगांच्या वेळा काढल्या. ११ नग टिप बदलल्यानंतरच्या पहिल्या दहा नगांतले होते, आणि त्यातले बहुतेक दुपारचे. मी तक्ता घेऊन काकांकडे गेले आणि टिप बदलल्यावर ते काय करतात ते उभं राहून पाहिलं. नवी टिप बसवली, एक नग कापला, चकमधून काढला, पुसला, मशीनजवळच्या मायक्रोमीटरने मोजला. थोडा मोठा आला. ऑफसेट, म्हणजे मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती, तेवढ्याने कमी केला आणि मशीन चालू केली.

“काका, थंडा होऊ दिला नाही,” मी म्हटलं.

ते थांबले. मला शिकवलेली गोष्ट त्यांना माहीत नव्हती असं नाही. पण दहा मिनिटं मशीन उभी ठेवली तर उत्पादनाचा आकडा चुकतो, आणि तो आकडा त्यांच्या नावावर लागतो. गरम नग सात मायक्रॉन मोठा दिसला, म्हणून मशीनला सात मायक्रॉन जास्त कापायला सांगितलं गेलं. पुढचे नग गार झाले की खालच्या मर्यादेला घासत होते, आणि जरा हललं की ३१.९७५ च्या खाली. पहिल्या आठवड्यात माझ्या टेबलावर झालेली चूक मशीनवर होत होती. माझ्या चुकीने फक्त नोंद बिघडली, या चुकीने नग बिघडत होते.

उपाय काकांनीच काढला. शक्य तिथे टिप चहाच्या किंवा जेवणाच्या सुट्टीच्या आधी बदलायची, पहिला नग कापून जाड लोखंडी प्लेटवर पंख्याखाली ठेवायचा आणि सुट्टीवरून आल्यावर मोजून ऑफसेट द्यायचा. मध्येच टिप तुटली तर हे जमत नाही, तेव्हा गरम वाचनातून सात मायक्रॉन वजा धरायचे असं ठरलं. हा सातचा आकडा मे महिन्यातला आहे. डिसेंबरात तो पुन्हा मोजावा लागेल, हे मी तक्त्याच्या खाली लाल पेनने लिहून ठेवलंय.

ठोक्यांसाठी मी बुशच्या ड्रॉइंगच्या झेरॉक्सवर प्रत्येक ठोक्याच्या जागी एक ठिपका दिला. ४४ पैकी ३० ठिपके एका टोकाच्या काठावर, पहिल्या सात-आठ मिलिमीटरमध्ये दाटलेले आले. घसरणीवरून बुश ज्या टोकाने खाली येतो, तेच टोक. बिनच्या तळाशी आणि घसरणीच्या तोंडाशी जुन्या कन्व्हेयर बेल्टचा रबरी तुकडा लावला आणि बिन अर्धा भरला की बदलायचा ठरवला.

माझं ट्रेनिंग संपायला त्यानंतर सहा दिवस उरले होते. त्या सहा दिवसांत ठोके ७ आले. आधी दिवसाला साधारण चार यायचे. उणे व्यासाचे नग ३, त्यातले दोन मध्येच टिप तुटली त्या दुपारचे. सहा दिवस फार थोडे असतात, त्यावरून काही सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही. नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, चालू होता. शेवटच्या दिवशी मी तक्त्याच्या कोऱ्या प्रतींचा गठ्ठा काकांच्या मशीनजवळच्या खिळ्याला अडकवला. त्यांनी वरचा कागद काढून तारीख टाकली आणि टिप बदलल्याची वेळ लिहिली: १२.५०, जेवणाच्या सुट्टीच्या दहा मिनिटं आधी.